तीन बोटांचा फरक

*काका, वाई तालुक्यात शेतजमीन बघतोय. एजंट म्हणतो पूर्ण एक एकर, गुंठ्याला अडीच लाख, म्हणजे सरळ एक कोटी. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र ०.४०.०० आहे. मुलीने मोबाइलवर हिशोब केला तर ४३,०५५ चौरस फूट आले; एजंट म्हणतो एकराचे ४३,५६० असतात. वर शेतात टेप लावून त्याने ४४,००० च्या पुढे भरवून दाखवलं. "आर म्हणजेच गुंठा हो, उगाच किस काढू नका," असं त्याचं म्हणणं. जमीन एक आणि आकडे तीन. खरा कुठला धरू?*
*– एक वाचक, पुणे*

मुलीचा आकडा धरा. तिने सातबारा बरोबर वाचलाय आणि गुणाकारही बरोबर केलाय. एजंटने तुम्हाला अगदीच खोटं सांगितलंय असंही नाही. आमच्या गावाकडे निम्मी माणसं "आर" आणि "गुंठा" एकाच श्वासात बोलतात. मी तीस वर्षं भूमापक म्हणून बांधाबांधाने फिरलो, आणि चहा पिताना मीही तसंच बोलायचो. पण चहाच्या गप्पांत चालतं ते एक कोटीच्या व्यवहारात चालत नाही.

गुंठा आला साखळीतून. आमच्या आधीच्या पिढीची मोजणी लोखंडी साखळीने व्हायची आणि ती साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचे. ही साखळी लांबीला एकदा आणि रुंदीला एकदा टाकली की जो चौकोन होतो, तो गुंठा. ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. वारात मोजलंत तर ११ बाय ११, म्हणजे १२१ चौरस वार. असे चाळीस चौकोन म्हणजे ४३,५६० चौरस फूट, तो एकर. म्हणून गुंठा आणि एकर ही सख्खी भावंडं. त्यांच्यात ४० चा हिशोब चोख बसतो, मागे अपूर्णांक उरत नाही.

आर दुसऱ्या घरचा. तो मीटरमधून आला. दहा मीटर बाय दहा मीटर म्हणजे १०० चौरस मीटर, तो एक आर. शंभर आर म्हणजे हेक्टर, १०,००० चौरस मीटर. इथेही हिशोब चोख, फक्त ४० ऐवजी १०० चा.

आता गंमत बघा. ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर. गुंठ्याची बाजू आरच्या बाजूपेक्षा जेमतेम सहा सेंटिमीटरने मोठी भरते. हाताची तीन बोटं जोडून धरा, साधारण तेवढी. बांधावर उभं राहून हा फरक डोळ्यांना दिसतच नाही, आणि म्हणूनच "आर म्हणजेच गुंठा" हे वाक्य इतकं टिकून राहिलंय. पण ती तीन बोटं लांबीतही असतात आणि रुंदीतही. त्यामुळे एका गुंठ्याचं क्षेत्र १०१.१७ चौरस मीटर होतं, तर आरचं बरोबर १००. शेकड्याला सव्वाच्या आसपास फरक. दहा आरात तो १२६ चौरस फूट होतो आणि तुमच्या चाळीस आरात ५०४ चौरस फूट. पुण्यात तेवढ्या जागेत एक कुटुंब राहतं.

तुमचा हिशोब सावकाश करून दाखवतो, म्हणजे उद्या दुसरी जमीन बघितलीत तरी तुमचा तुम्हाला करता येईल.

सातबाऱ्यावर शेतीचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर अशा तीन खणांत असतं. ०.४०.०० म्हणजे शून्य हेक्टर, चाळीस आर, शून्य चौरस मीटर. चौरस मीटर काढायला कुठलीही आकडेमोड लागत नाही, मधले ठिपके पुसायचे. ०.४०.०० चे झाले ४,००० चौरस मीटर. १.०७.५० असतं तर १०,७५० झाले असते. ही युक्ती चालते कारण आर आणि चौरस मीटर या दोन्ही खणांत दोन-दोन आकडे असतात. म्हणून ते दोन-दोन आहेत ना, एवढं मात्र नक्की बघायचं.

चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. ४,००० चे आले ४३,०५६. मुलीचा एखादा फूट इकडेतिकडे, तो सोडा. चौरस मीटरला १०१.१७ ने भागलं की गुंठे. तुमचे आले ३९.५४. चाळीसला अर्धा गुंठा कमी. पूर्ण एकराला सातबाऱ्यावर ०.४०.४७ असायला हवं होतं, आणि ते ४७ चौरस मीटर तुमच्या उताऱ्यावर नाहीत.

आता पैसे. गुंठ्याला अडीच लाख म्हणजे चौरस मीटरला २,४७१ रुपये. ४,००० चौरस मीटरचे ९८ लाख ८४ हजार होतात. एजंट मागतोय एक कोटी. तीन बोटांच्या फरकाची किंमत एक लाख सोळा हजारांच्या घरात गेली.

यावर तो म्हणेल, "भाव आरचाच सांगितला होता, तोंडात गुंठा आला." म्हणू दे. अडीच लाख आरला ठरले असतील तर एक कोटी बरोबर आहे, फक्त मग तुम्हाला गुंठा २ लाख ५३ हजारांना पडला, हे माहीत असू द्या. शेजारच्या जमिनीचा भाव विचारलात आणि तो खरोखर गुंठ्याचा असला, तर तुलना करताना हा फरक आडवा येतो. तेव्हा आधी एवढंच विचारायचं, "भाव कशाला, आरला की गुंठ्याला?" आणि उत्तर आलं की ते तिथल्या तिथे चौरस मीटरमध्ये आणून ठेवायचं. सगळ्या जमिनींची तुलना एकाच मापात करा. मी चौरस मीटर सुचवतो, कारण कागदावर तेच आहे.

एक तिसरा "गुंठा"सुद्धा बाजारात हिंडत असतो. गावालगतच्या प्लॉटच्या बोर्डावर "एक गुंठा, १००० चौ. फूट" असं रंगवलेलं तुम्ही पाहिलं असेल. तो गुंठा नव्हे, १,००० फुटांचा प्लॉट आहे. ८९ फूट हिशोबाच्या सोयीसाठी गळून पडलेत, आणि ती सोय तुमची नाही. अशा अकरा "गुंठ्यांचे" खरे गुंठे दहाच भरतात, वर कसर तेवढी.

ठिपक्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. आरच्या गैरसमजात शेकडा सव्वा जातो. ठिपक्याच्या गैरसमजात निम्मी जमीन जाते किंवा नसलेली जमीन दिसायला लागते.

आमच्याच घरातली गोष्ट. आजोबांचं जुनं खरेदीखत माझ्या चुलतभावाला पेटीत सापडलं. त्यात क्षेत्र लिहिलेलं, १-२०. आजचा सातबारा काढला तर त्यावर ०.६०.७०. भावाने १-२० चा अर्थ १.२० हेक्टर असा लावला आणि घर डोक्यावर घेतलं. १२० आरातले ६० आर गेले कुठे? संशय धाकट्या चुलत्यावर आला, कारण तलाठी कार्यालयात तेच जायचे. दिवाळीचं येणंजाणंसुद्धा थांबलं. मी नोकरीनिमित्त लांब होतो, मला कळलं तेव्हा वर्ष उलटलेलं. खरेदीखत हातात घेतलं आणि मी कपाळाला हात लावला. जुन्या कागदांवर आडवी रेघ असो की ठिपका, डावीकडे एकर आणि उजवीकडे गुंठे. १-२० म्हणजे एक एकर वीस गुंठे. एकूण साठ गुंठे. साठला १०१.१७ ने गुणा, ६,०७० चौरस मीटर येतात, म्हणजे ०.६०.७०. एक गुंठाही कुठे गेला नव्हता. चुलत्यांना सॉरी म्हणायला भाऊ गेला खरा, पण त्यांनी चहा विचारला नाही.

तेव्हा जुना फेरफार किंवा दस्त बघताना हे ध्यानात ठेवा, की एकर-गुंठ्यातला उजवा आकडा चाळीसपैकी असतो, शंभरपैकी नाही. २-१५ म्हणजे सव्वादोन एकराहून थोडं जास्त, ९५ गुंठे. कधी कधी पुढे तिसरा आकडाही असतो, २-१५-८ असा. ते आठ आणे, म्हणजे अर्धा गुंठा. उलट एजंट मोबाइलवर "१.२० एकर" असं पाठवतो तेव्हा त्याच्या मनात दीड एकर आहे की एक पूर्णांक दोन दशांश, हे देवाला ठाऊक. पहिल्या अर्थाने ६० गुंठे, दुसऱ्याने ४८. त्याला गुंठ्यांत लिहायला सांगा, म्हणजे ठिपक्याचा प्रश्नच राहत नाही.

हेक्टरमध्येही असाच एक सापळा आहे. सातबाऱ्यावरचं १.०७ कुणी हाताने उतरवून घेताना १.७ करतं. मग वाचणारा ते एक हेक्टर सत्तर आर वाचतो. मधलं एक शून्य गेलं आणि ६३ आर वाढले, दीड एकराहून जास्त. म्हणून क्षेत्राचा आकडा कुणाच्या मेसेजमधून घ्यायचा नाही, डिजिटल सही असलेल्या ताज्या सातबाऱ्यावरूनच घ्यायचा. आणि उतारा बिनशेतीचा असेल तर खणांची नावं आधी वाचायची. तिथे क्षेत्र आर आणि चौरस मीटर अशा दोनच खणांत असतं, त्यामुळे डावीकडचा आकडा हेक्टर समजलात तर थेट शंभरपट चुकाल.

तुम्ही मला "एकूण क्षेत्र" कळवलंत, त्याच्या वरच्या ओळी कळवल्या नाहीत. त्या वाचा. आधी लागवडयोग्य क्षेत्र असतं, जिरायत किती, बागायत किती असं. त्याखाली पोटखराब क्षेत्र, त्यात वर्ग अ आणि वर्ग ब. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमचे ते ०.४०.००. वर्ग अ म्हणजे खडक, मुरमाड, पिकाला नालायक असा भाग; तो खर्च करून लागवडीखाली आणता येतो. वर्ग ब मध्ये नाला, रस्ता, अशी सार्वजनिक वापराची जागा येते. ती उताऱ्यावर असते, बांधाच्या आतही असते, पण तिच्यावर तुम्ही ना पेरू शकता ना कुंपण घालू शकता. समजा, तुमच्या चाळीस आरात तीन आर वर्ग ब निघाला. अडीच लाख गुंठ्याच्या भावाने त्या नाल्याचे सात लाख एक्केचाळीस हजार होतात. नाल्याला शेताचा भाव द्यायचा का, ही घासाघीस तुम्ही करायची, पण ती करायला आधी तो आकडा दिसायला हवा. त्याच उताऱ्यावर खातेदारांच्या नावासमोर प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं लिहिलेलं असतं. गटाचं एकूण चाळीस आर आहे आणि विकणाऱ्याच्या नावासमोर वीसच असेल, तर तो वीसच विकू शकतो.

राहिला टेपचा आकडा, ४४,००० च्या पुढचा. तो कसा आला असेल याचा मला अंदाज आहे, कारण ही पद्धत मी शेकडो बांधांवर बघितलीय. चारही बाजू मोजायच्या, समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी काढायची आणि दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. शेत काटकोनात असेल तर उत्तर बरोबर येतं. वाईकडे काटकोनातलं शेत मी फारसं पाहिलेलं नाही. आणि शेत तिरकं असलं की ही पद्धत नेहमी जास्तच दाखवते, कमी कधीच नाही. विकणाऱ्यांना ती आवडते यात नवल काय.

एक शेत घेऊ. बाजू क्रमाने १४८, ३०२, १८१ आणि २३६ फूट. एजंट १४८ आणि १८१ ची सरासरी काढतो, १६४.५. मग ३०२ आणि २३६ ची, २६९. गुणाकार ४४,२५०. गुंठे ४०.६. "बघा साहेब, एकराच्या वरच आहे!" आता आमची पद्धत बघा. पहिल्या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप ताणा. या शेतात तो कर्ण ३३० फूट निघतो. त्याने शेताचे दोन त्रिकोण होतात. उरलेल्या दोन कोपऱ्यांतून त्या कर्णावर काटकोनात अंतर घ्या. एका बाजूला १३५ फूट, दुसऱ्या बाजूला १२६. दोन्हींची बेरीज २६१. तिला ३३० ने गुणा आणि निम्मं करा. ४३,०६५ चौरस फूट, म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे. बाजू त्याच, शेत तेच, आणि एका सरासरीने एक गुंठा उगवला. अडीच लाखांचा.

म्हणून टेप घेऊन जाल तेव्हा चार बाजूंबरोबर एक कर्ण घेतल्याशिवाय परतू नका. चार बाजूंवरून शेताचा आकार ठरतच नाही. चार काठ्या टोकांना सुतळीने बांधून चौकट करा आणि समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. काठ्या तेवढ्याच राहतात, चौकट चपटी होत जाते आणि आतली जागा कमी होते. दुसरं म्हणजे उताराच्या शेतात टेप जमिनीला टेकवून मोजाल तर अंतर जास्त येईल. सरकारी क्षेत्र हे सपाट अंतराचं असतं. उतारावर टेप आडवी, हवेत धरून तुकड्यातुकड्याने मोजावी लागते, खालच्या टोकाला ओळंबा सोडून. दोघांचं काम आहे, एकट्याने करू नका.

तुमची टेप फक्त संशय घेण्यापुरती. भांडायला ती उपयोगाची नाही. त्यासाठी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज लागतो, आणि तो जमीनमालकानेच करायचा असतो. मोजणी झाली की हद्दी दाखवणारा नकाशा मिळतो, त्याला "क" प्रत म्हणतात. सातबाऱ्यावर ४० आर असूनही वहिवाटीत ३८ च निघाले, उरलेले शेजाऱ्याच्या बांधाखाली गेलेत, असं कितीदा तरी झालेलं मी पाहिलंय. तेव्हा गुंठा आणि आरचा वाद फिका पडतो.

विसार देताना साठेखतात "एक एकर" हा शब्दच येऊ देऊ नका. गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये उताऱ्यावर आहे तसंच, आणि भाव प्रति चौरस मीटर २,४७१ रुपये असा लिहून घ्या. पुढे एक ओळ अशी घाला, की अंतिम रक्कम "क" प्रतीवर जे क्षेत्र येईल त्याप्रमाणे कमीजास्त होईल. वकिलाला ही ओळ सांगावी लागते. तयार मसुद्यात ती सहसा नसते, तिथे एक ठोक रक्कम आणि चतुःसीमा एवढंच असतं. ठोक रकमेवर सही केलीत की नंतर तीन आर कमी निघाले तरी प्रत्येक आरचे पैसे परत मागणं अवघड.

एजंट म्हणालाच की मालक मोजणीला तयार नाही, तर किती दिवसांपासून तयार नाही ते विचारा. आणि पुढच्या खेपेला मुलीला सोबत न्या, टेपचं दुसरं टोक धरायला.